साध्या ए-फोर कागदांवर भिंतीएवढा नकाशा: PosteRazor वापरून काही महिन्यांनंतर

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी प्राथमिक शाळेत तालुक्याचा नकाशा भिंतीवर हवा होता. बाजारात जिल्ह्याचे आणि राज्याचे नकाशे मिळतात, पण कणकुंबीजवळ उगम पावून पूर्वेकडे जाणारी मलप्रभा आणि त्याच तालुक्यात उगम पावून गोव्याकडे वळणारी म्हादई या दोन्ही नद्या मुलांना ठळक दिसाव्यात, गावांची नावे मराठी व कन्नड अशा दोन्ही लिप्यांत असावीत, असा नकाशा तयार मिळत नाही. तो आमच्या चित्रकला शिक्षकांनी हाताने काढला, मोबाईलने त्याचा सरळ फोटो घेतला आणि PosteRazor या मोफत प्रोग्रॅमने त्याचे तुकडे करून शाळेच्या प्रिंटरवर छापला. फ्लेक्स छापून घेणे सोपे होते. परंतु फ्लेक्सवर एका गावाचे नाव दुरुस्त करायचे झाले तर सगळा फ्लेक्स पुन्हा छापावा लागतो, आणि आमच्या नकाशात दुरुस्त्या होत राहणार हे आधीच दिसत होते.

प्रोग्रॅम एकामागून एक पाच गोष्टी विचारतो: चित्र कोणते, कागद केवढा व समास किती, कागद एकमेकांवर किती चढवायचे, पोस्टर केवढे हवे आणि पीडीएफ कोठे साठवायची. यांपैकी समासाच्या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे मत आहे. घरगुती वा कार्यालयीन प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, आणि अनेक इंकजेट प्रिंटरांची खालची कोरी पट्टी इतर बाजूंपेक्षा रुंद असते. आपण भरलेला समास या कोऱ्या पट्टीपेक्षा लहान असेल तर चित्राची कड गुपचूप कापली जाते. पडद्यावर सगळे ठीक दिसते आणि जोडताना एखाद्या नावातील अर्धे अक्षर नाहीसे झालेले आढळते. म्हणून सुरुवातीलाच फिकट करड्या रंगाने भरलेले एक पूर्ण पान छापावे आणि चारही बाजूंची पांढरी पट्टी पट्टीने मोजावी. आमच्या प्रिंटरला सर्व बाजूंनी १० मिमी समास पुरला.

आता प्रत्यक्ष हिशेब. ए-फोर कागद २१० × २९७ मिमी असतो. समास वजा जाता १९० × २७७ मिमी उरतात. शेजारचे कागद एकमेकांवर १० मिमी चढतील असे ठरवले. कागद उभे ठेवून दोन रांगांत चार-चार असे आठ कागद घेतले तर रुंदी ४ × १९० मधून तीन जोडांचे ३० मिमी वजा करून ७३० मिमी होते आणि उंची ५४४ मिमी. मोबाईलचा फोटो चारास तीन या प्रमाणात होता, त्यामुळे तो ७२५ × ५४४ मिमी आकारात जवळजवळ तंतोतंत बसला. तेच कागद आडवे ठेवून तीन रांगांत तीन-तीन लावले असते तर नऊ कागद लागून नकाशा फक्त ७३३ × ५५० मिमी झाला असता. एक कागद आणि दोन जास्तीचे जोड देऊन आठ मिलिमीटर रुंदी मिळवण्यात काही अर्थ नाही, म्हणून कागद उभा की आडवा हे दोन्ही रीतींनी तपासूनच ठरवावे.

फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा होता, म्हणजे छपाईत एक पिक्सेल साधारण ०.१८ मिमीचा झाला; दोन पावलांवरून तो जाणवत नाही. हाच फोटो व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर पिक्सेल बरेच कमी होतात आणि पहिला फटका जोडाक्षरांना व वेलांट्यांना बसतो. त्यामुळे फोटो केबलने किंवा डॉक्युमेंट म्हणूनच संगणकावर घ्यावा.

पीडीएफ छापतानाची एक खूण मात्र नीट समजून घेतली पाहिजे. छपाईच्या खिडकीत Fit निवडलेले असेल तर प्रत्येक पान थोडे आकसते. सगळी पाने सारखीच आकसल्यामुळे ती जुळतातही, म्हणून चूक लक्षात येत नाही. पंचाईत होते ती एखादे पान नंतर दुसरीकडे छापल्यावर. आमचे एक पान शाळेची शाई संपल्याने गावातील झेरॉक्स सेंटरमधून आणले. शेजारच्या पानाला लावून पाहिले तर वरच्या टोकाला नदीची रेघ जुळत होती आणि खाली येता येता ती आठ मिलिमीटर सरकली होती. जोड वरून खाली असा हळूहळू बिघडत गेला तर दोष कागद चिकटवणाऱ्याचा नसून प्रमाणाचा असतो. पट्टी लावली तेव्हा चित्राची रुंदी १९० ऐवजी १८४ मिमी भरली. Actual size निवडून तेच पान पुन्हा छापले आणि ते बरोबर बसले.

कापताना सर्व बाजू कापू नयेत. प्रत्येक कागदाची फक्त डावी आणि वरची पांढरी पट्टी कटर व लोखंडी पट्टीने कापावी. उजवी व खालची बाजू तशीच राहू द्यावी. मग डावीकडच्या कागदाच्या उजव्या टोकाला समासाचे १० आणि चढणीचे १० मिळून २० मिमी जागा गोंदासाठी मिळते, आणि पुढच्या कागदाची कापलेली कड तिच्यावर बसते. आधी दोन्ही रांगा स्वतंत्र जोडाव्यात, नंतर खालची रांग वरच्या रांगेवर चढवावी. पातळ डिंकाने साधा कागद फुगतो व सुरकुततो; ग्लू स्टिक बरी. लेझर प्रिंटरमधून निघालेला कागद उष्णतेने कोरडा होऊन किंचित आकसलेला असतो, त्यामुळे पावसाळ्यात सगळी पाने एकाच बैठकीत छापून काही तास उघडी ठेवावीत आणि मगच जोडावीत.

या प्रोग्रॅमची एक उणीव मला सतत जाणवते: जोड कोठे पडावा हे त्यात थेट सरकवता येत नाही. जांबोटी हे नाव पहिल्या जोडावर बरोबर दुभंगत होते. त्यावर उपाय म्हणून चित्राच्या डाव्या बाजूला शंभर पिक्सेल पांढरी जागा वाढवून घेतली. नकाशा जोडाच्या मानाने सुमारे दीड सेंटिमीटर उजवीकडे गेला आणि नाव अखंड एका कागदावर आले. पानांवर क्रमांक किंवा कापण्याच्या खुणाही हा प्रोग्रॅम छापत नाही, त्यामुळे प्रिंटरमधून निघताच मागे पेन्सिलने क्रमांक घालावेत. Acrobat Reader मधील Poster या छपाईच्या पर्यायात Cut marks आणि Labels दोन्ही मिळतात, मात्र तेथे पोस्टरचा आकार टक्क्यांत सांगावा लागतो आणि कागद चढवण्याचे माप आधी फारच कमी असते, ते स्वतः वाढवावे लागते.

पावसाळ्यात नकाशाचा खालचा उजवा कागद भिंतीच्या ओलीने फुगला. जुनी पीडीएफ होतीच; तेवढेच एक पान Actual size वर छापले, डावी व वरची कड कापली आणि जुन्या कागदावरच चिकटवले. त्याच वेळी दोन गावांची कन्नड नावेही दुरुस्त केली. यासाठी मूळ चित्राचे पिक्सेल आणि प्रोग्रॅममधील सर्व मापे अजिबात न बदलता फक्त अक्षरे बदलावी लागतात, म्हणून समास, चढण आणि पोस्टरचा आकार आम्ही पीडीएफच्या नावातच लिहून ठेवले आहेत. नवा कागद जुन्यांपेक्षा थोडा पांढरा दिसतो, ते टाळता येत नाही. शेवटच्या बाकावरून छोट्या गावांची नावे वाचता येत नाहीत, कारण ती छपाईत जेमतेम चार मिलिमीटर उंच आहेत. पुढच्या वर्षी तीच पाने ए-थ्री कागदावर काढण्याचा आमचा विचार आहे.