दिवाळीच्या अभ्यंग तेलात मला खवट द्राक्षबी तेल कसं विकलं गेलं

नरक चतुर्दशीच्या पहाटे सव्वापाचला पहिला फोन आला. "वहिनी, तेल वाटीत कोमट केलं आणि सगळ्या न्हाणीघरात रंगाच्या डब्यासारखा वास सुटलाय. हे बाळाला लावू का?" सातपर्यंत असे सहा फोन आले. सणाच्या दिवशी, पाटावर बसलेल्या माणसांकडून. त्या सकाळी मी घरात कोणाशी बोलले नाही.

मी नाशिकला राहते. दिवाळीआधी घरी अभ्यंग तेल आणि गुलाबाचं क्रीम करून ओळखीत देते. यंदा ऑगस्टअखेर एका घाऊक विक्रेत्याकडून ऑनलाइन माल घेतला. द्राक्षबियांचं तेल १० लिटर, ५ लिटरचे दोन कॅन, ४३० रुपये लिटरप्रमाणे ४,३०० रुपये. 'नैसर्गिक प्रिझर्वेटिव्ह' २०० मिली, १,१५० रुपये. वाहतूक ३५०. एकूण ५,८०० रुपये, सगळे आधी भरलेले. घाण्यावरच्या तिळाच्या तेलात हे अर्धं मिसळलं की तेल हलकं होतं, अंगावर चिकट बसत नाही. तिळाचं तेल मी डोळ्यांसमोर काढून आणते आणि त्यात मुळातच ते टिकवणारे घटक असतात, त्यामुळे दोष तिथे नव्हता.

आता तो क्षण, जो मला अजून झोपू देत नाही. पहिला कॅन उघडला तेव्हा तोंडाशी ओघळलेलं तेल वाळून पिवळट, डिंकासारखं झालं होतं. बोटाला तार धरत होतं. ताजं तेल असं कधीच करत नाही. जवसाचं तेल रंगात घालतात ते याच गुणामुळे, हवेत ते सुकून थर धरतं. द्राक्षबियांचं तेल त्याच वाटेवरचं, थोडं सावकाश जाणारं. तोंडाशी डिंक झालाय म्हणजे कॅन केव्हातरी उघडला गेलाय आणि बराच काळ तसा पडून आहे. हे मला माहीत होतं! तरी मी फडक्याने पुसलं आणि पुढे गेले. मुलगी शेजारी होती. ती म्हणाली, "आई, याला मेणाच्या खडूंचा वास येतोय." मी म्हणाले, कॅनच्या प्लास्टिकचा असेल. शुद्ध केलेल्या द्राक्षबी तेलाला जवळजवळ वासच नसतो. खडूंचा, पुट्टीचा, जुन्या शेंगदाण्यांचा वास आला की ते संपलेलं असतं, एवढं साधं होतं. लेबलाच्या कोपऱ्याखाली दुसऱ्या लेबलाची कडही दिसत होती. नंतर ते वरचं लेबल ओलं करून उचललं, तर खालची तारीख १४ महिने आधीची निघाली. हे तेल नीट ठेवलं तरी साधारण सहा ते नऊ महिन्यांचं असतं.

मी बेफिकीर नव्हते. ऑर्डर १०० बाटल्यांची होती, बाटल्या आणि लेबलं येऊन पडली होती, हातात नऊ दिवस होते. वर मी लगेच लव्हेंडर घातलं, आणि सुगंधाने खवटपणा झाकला गेला. तो वाटीत कोमट केल्यावरच वर आला, कारण ऊब मिळाली की वासाचे घटक भराभर उडतात. म्हणून सुगंध घालण्याआधी स्टीलच्या वाटीत चमचाभर तेल घ्या, वाटी गरम पाण्यात ठेवा आणि मग हुंगा. थंड तेल हुंगून दरवेळी कळतंच असं नाही.

विक्रेत्याला फोन केला. "मॅडम, तुम्ही उन्हात ठेवलं असेल. थोडं व्हिटॅमिन ई घाला, बरं होईल." साफ खोटं. व्हिटॅमिन ई तेलाचं खवट होणं लांबवतं. झालेलं परत फिरवत नाही. आणि खवट तेल ताज्यात मिसळून भागवू नका, जुनं तेल नव्यालाही लवकर ओढून नेतं.

मग मी न उघडलेल्या दुसऱ्या कॅनची खासगी प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली, १,२०० रुपये देऊन. नमुना त्यांनीच सील तोडून घेतला आणि कॅन त्यांच्या सहीनिशी पुन्हा सील करून दिला. पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल हवेने किती खराब होत गेलंय ते सांगणारा आकडा, ३८ आली. ताज्या शुद्ध तेलात ती १० च्या आत असावी. पण नुसता कमी आकडाही निर्धास्त करणारा नाही: तेल फार जुनं झालं की पेरॉक्साइडं मोडून ती संख्या पुन्हा खाली येते, आणि वास मात्र वाढलेला असतो. आकडा आणि नाक, दोन्ही हवीत.

क्रीमचं तर वेगळंच. त्यात निम्म्याहून जास्त गुलाबजल. एकोणिसाव्या दिवशी एका डबीच्या झाकणाखाली काळे ठिपके दिसले. त्याआधी चार दिवस कडेला पाण्याची बारीक रेघ सुटली होती आणि ओल्या फडक्यासारखा वास होता. तीच सुरुवात होती. त्या 'नैसर्गिक प्रिझर्वेटिव्ह'चे घटक मागितले तर व्हॉट्सअॅपवर उत्तर आलं: टोकोफेरॉल आणि सूर्यफूल तेल. म्हणजे तेच व्हिटॅमिन ई! ते तेलाला हवेपासून वाचवतं, पाण्यातल्या जंतू-बुरशीला हातही लावत नाही. पाणी असलेल्या वस्तूला खरं प्रिझर्वेटिव्ह लागतं. सोडियम बेंझोएट वापरणार असाल तर पीएच ५ च्या खाली हवा, नाहीतर ते असून नसल्यासारखं. पट्टीने मोजा. घटक लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

विकलेल्या ८३ बाटल्यांचे, २४० रुपयांप्रमाणे १९,९२० रुपये, आणि २६ डब्यांचे, १८० रुपयांप्रमाणे ४,६८० रुपये मी परत केले. साहित्य आणि तपासणी धरून माझ्या खिशातून १४,६०० गेले.

आता तक्रारीचं ऐका. पहिल्या कार्यालयात विचारलं, "तेल खायचं की लावायचं?" लावायचं म्हटलं तर दुसऱ्या खिडकीकडे. तिथे पहिला प्रश्न, "तुमचा परवाना कुठाय?" कबूल, विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन करायला परवाना लागतो, २०२० चे नियम आहेत, आणि माझ्याकडे तो नव्हता. वर्षातून एकदा ओळखीत देते म्हणून मी तो काढला नाही, ही माझी चूक. पण म्हणून जुन्या कॅनवर नवं लेबल लावणारा सुटतो का? त्याचं नाव, बिल, दोन्ही लेबलांचे फोटो, अहवाल, सगळं टेबलावर होतं. त्यांनी फोटो उलटून बघितलेसुद्धा नाहीत. पोलिसांत गेले तर, "५,८०० साठी? आपसांत मिटवा." ग्राहक तक्रारीसाठी गेले तर, "धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही." २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल याला अपवाद आहे. ते कलम मी छापून नेलं होतं. समोरच्या बाबूने कागद हातात न घेता सांगितलं, "ते ग्राहक आयोगापुढे सांगा." पाच फेऱ्या, तीन खिडक्या, आणि एकानेही विचारलं नाही की तो माणूस आत्ता आणखी कोणाला हे तेल विकतोय.

विकतोय. परवाच्या त्याच्या जाहिरातीत तेच कॅन आहेत. घ्यायचंच असेल तर बॅचच्या तारखेसकट पेरॉक्साइडचा अहवाल मागा, आणि लेबलाचा कोपरा नखाने उचलून बघा.

दुसरा कॅन प्रयोगशाळेच्या सीलसकट माझ्या कपाटात आहे. तक्रार मी आयोगाकडे दाखल केली आहे. बिल आणि दोन्ही लेबलांचे फोटो सोबत जोडले आहेत.