नोटिशीचा फोटो: ओसीआरने मजकूर काढावा की चित्र नव्याने बनवून घ्यावं?

पाणीपुरवठा बंद राहण्याची नोटीस कुणीतरी तिरक्या कोनातून टिपतं आणि चार ग्रुपांतून फिरेपर्यंत तिची अक्षरं पुसट होतात. मग दोन पर्याय उरतात: ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, मजकूर काढायचा, किंवा एआयकडून तेच चित्र ‘स्वच्छ’ करून घ्यायचं. तारीख, वेळ, रक्कम किंवा नाव हवं असेल तर ओसीआरच वापरा.

कारण चूक कशी होते, यात आहे. ओसीआर चुकतं तेव्हा बहुधा चूक दिसते: ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, अनुस्वार गळतो, शब्द विचित्र वाटतो आणि नजर अडते. चित्र नव्याने बनवताना मात्र पुसट भाग अंदाजाने भरला जातो. मोठं शीर्षक पुष्कळदा बरोबर येतं. बारीक मजकुरात जोडाक्षरं बिघडतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचा आकडा नव्या छपाईसारखा सुबक उमटतो. त्यावर शंका घ्यायला काही खूणच राहत नाही.

समजा, मूळ नोटिशीत ‘सोमवार, दि. १९ जानेवारी २०२६’ आहे आणि ओसीआरने ‘११’ वाचलं. देवनागरी १ आणि ९ पुसट फोटोत सहज मिसळतात. पण ११ तारखेला रविवार आहे, वाराशी मेळ बसत नाही. म्हणजे मूळ फोटो मोठा करून तेवढाच आकडा पाहायचा. नव्याने बनवलेल्या चित्रात कदाचित वारही बदललेला असेल, मग ही पडताळणीही गेली.

फोनवर गूगल लेन्सने मजकूर निवडून कॉपी करणं बहुतेकांना पुरतं. संगणकावर टेसरॅक्ट हे ओसीआर सॉफ्टवेअर आणि चित्रं हाताळणारं इमेजमॅजिक असेल (मराठीचा `mar` संच वेगळा बसवावा लागतो) तर:

```
magick notice.jpg -colorspace Gray -deskew 40% -resize 200% notice.png
tesseract notice.png notice -l mar+eng --psm 6 txt tsv
```

पहिली ओळ फोटो करडा करते, थोडा तिरपेपणा काढते आणि आकार दुप्पट करते. कोनातून घेतल्यामुळे कागद एका बाजूला निमुळता दिसत असेल तर ते याने सुटत नाही. त्यासाठी आधी स्कॅनिंग अ‍ॅपमध्ये चारही कोपरे पकडून कापा. `--psm 6` सलग परिच्छेदासाठी ठीक. तक्ता किंवा दोन रकाने असतील तर प्रत्येक भाग वेगळा कापून द्या. `notice.tsv` मध्ये प्रत्येक शब्दापुढे `conf` हा खात्रीचा आकडा असतो. तो कमी असलेले शब्द आधी तपासा, पण आकडे मात्र सगळेच डोळ्यांनी ताडून पाहा, कारण चुकीच्या अंकालाही कधी कधी भरघोस खात्री मिळते.

स्क्रीनशॉट सरळ आणि सपाट असल्याने त्याला फारशी तयारी लागत नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर दाबून लहान केलेली प्रत हाती येते.

फलकावर लावायला नीटनेटकी प्रत हवी असेल, तरी चित्र बनवून घेऊ नका. तपासलेला मजकूर वर्डमध्ये टाकून छापा आणि मूळ फोटो जपून ठेवा. सजावटीची पार्श्वभूमी एआयकडून खुशाल घ्या, त्यावरची अक्षरं स्वतः टाइप करा.