तीन वाक्ये, मराठीत: एकाच सूचनेतील दोन अटींचा सात महिन्यांचा अनुभव

आमच्या गृहनिर्माण सोसायटीकडे येणारी बहुतेक पत्रे इंग्रजीत असतात आणि सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा सारांश मराठीत टाकण्याचे काम सचिव म्हणून माझ्याकडे आहे. त्यासाठी मी गेले सात महिने एआय चॅटबॉट वापरतो आहे.

सुरुवातीला मी मराठीची अट संभाषणाच्या पहिल्या संदेशात घालत असे आणि लांबीची अट नंतर, प्रत्येक पत्राबरोबर देत असे. चार-पाच पत्रे झाली की उत्तर तीन वाक्यांचे येई, पण इंग्रजीत. भाषेची अट तोवर बरीच मागे पडलेली असे आणि समोरचे पत्र तर इंग्रजीच असे. एकदा मी ‘देवनागरीत लिही’ एवढेच म्हटले, तेव्हा उत्तर चक्क हिंदीत आले. त्यानंतर मी दोन्ही अटी एकाच वाक्यात, पत्राच्या मजकुराखाली लिहू लागलो:

```
वरील पत्राचा सारांश फक्त मराठीत, जास्तीत जास्त तीन वाक्यांत लिही; प्रस्तावना, शीर्षक आणि शेवटची टीप नको.
```

यातील अर्धविरामानंतरचा भाग मला नंतर जोडावा लागला, कारण ‘खाली सारांश देत आहे’ हे वाक्य चॅटबॉट तिनांत धरत नसे आणि ग्रुपवर टाकताना ते दर वेळी हाताने पुसावे लागे. ‘जास्तीत जास्त’ हे शब्दही अनुभवातूनच आले. ‘नेमकी तीन वाक्ये’ म्हटले की छोट्या पत्राच्या सारांशात ‘सर्वांनी सहकार्य करावे’ असे, मूळ पत्रात नसलेले तिसरे वाक्य येई.

मोठ्या पत्रांची अडचण मात्र उलटी आहे. लिफ्टच्या दुरुस्तीचे दोन पानी पत्र दिले तेव्हा वाक्ये तीनच आली, पण ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’ आणि ‘ज्यामुळे’ यांनी जोडत नेलेले दुसरे वाक्य पंचेचाळीस शब्दांचे झाले होते. म्हणून ‘प्रत्येक वाक्य वीस शब्दांच्या आत’ अशी भर घातली. शब्दांची मर्यादा वाक्यसंख्येइतकी काटेकोरपणे पाळली जात नाही, तेवीस-चोवीस शब्द होतात, तरी वाक्य वाचण्याजोगे राहते.

मात्र याच भरीनंतर त्या पत्रातील एक महत्त्वाची अट गळाली. लिफ्ट मंगळवारी सकाळी दहा ते पाच बंद राहणार, हे सारांशात होते. सुटा भाग वेळेत न आल्यास ती बुधवारीही बंद राहील, हे नव्हते. मूळ पत्र शेजारी ठेवून पाहिले नसते तर चौथ्या मजल्यावरच्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजींना बुधवारी जिन्याने उतरावे लागले असते. तेव्हापासून ‘तारीख, वेळ आणि जर-तरची प्रत्येक अट आलीच पाहिजे’ हेही त्याच सूचनेत असते, आणि ज्या पत्रात अशा दोन अटी दिसतात, तिथे मी तिनाऐवजी पाच वाक्ये मागतो.