पोर्टच्या फोटोवरून केबल निवडताना: मायक्रो, टाइप-सी की लाइटनिंग?

तासगावहून मावसभावाने रात्री द्राक्षबागेत वापरायच्या टॉर्चच्या चार्जिंग पोर्टचा फोटो पाठवला आणि सांगलीतून येताना केबल आण म्हणाला. फोटो तिरका होता, त्यामुळे भोक मायक्रोचं की टाइप-सीचं ते कळेना. मी त्याला पोर्टसमोर मोबाइल सरळ धरून, बाजूने उजेड पाडून पुन्हा फोटो काढायला सांगितलं.

असा फोटो मिळाला की आधी भोकाच्या वरच्या आणि खालच्या कडा पाहायच्या. मायक्रोची एक लांब कड दुसरीपेक्षा आखूड असते, कारण तिचे दोन्ही कोपरे तिरके कापलेले असतात. टाइप-सीमध्ये दोन्ही कडा सारख्या, टोकं गोल आणि बरोबर मधोमध एक पातळ पट्टी. लाइटनिंगच्या भोकाचीही टोकं गोलच असतात, पण आत पट्टी नसते, पोकळ दिसतं. आयफोन 5 पासून 14 पर्यंत हेच पोर्ट आहे, 2023 च्या आयफोन 15 पासून टाइप-सी आलं. जुनी केबल सापडली तर काम आणखी सोपं: लाइटनिंगच्या भरीव पिनेवर आठ सोनेरी पट्ट्या उघड्या दिसतात, टाइप-सीची पिन पोकळ असते.

मावसभावाचा टॉर्च टाइप-सी निघाला. पण खरा निर्णय केबलच्या दुसऱ्या टोकाचा असतो आणि तिथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल फोनला उत्तम चालते. स्वस्त टॉर्च, ट्रिमर, नेकबँड मात्र तिच्यावर पुष्कळदा चार्जच होत नाहीत. टाइप-सी पोर्टचा अडॅप्टर समोरच्या वस्तूतला 5.1 किलोओमचा रेझिस्टर ओळखल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि स्वस्त वस्तूंत तो बसवलेलाच नसतो. रुंद चौकोनी यूएसबी-ए पोर्टचा अडॅप्टर असं काही तपासत नाही, 5 व्होल्ट सरळ देतो. म्हणून टॉर्चसाठी एका टोकाला यूएसबी-ए आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेली केबलच घ्यावी. घरच्या अडॅप्टरच्या भोकाचाही फोटो मागवावा तो यासाठी.

फोनसाठी निवड उलटी. अडॅप्टर टाइप-सीचा असेल तर दोन्हीकडे टाइप-सी, 60 वॉटची केबल बहुतेक फोनना पुरते. लॅपटॉप चार्ज करायचा असेल तरच 100 किंवा 240 वॉटची घ्या. काही कंपन्यांचं जलद चार्जिंग त्यांच्याच केबलवर चालतं, दुसरीवर फोन चार्ज होतो पण सावकाश. फोनमधले फोटो संगणकावर घ्यायचे असतील तर दुकानात ‘डेटा केबल आहे ना?’ हे विचारून घ्या, कारण काही स्वस्त केबलींत फक्त विजेच्याच तारा असतात.

गोल भोकाच्या वस्तूची केबल मात्र फोटोवरून घेऊ नका. सारख्या दिसणाऱ्या गोल पिनांचे व्होल्ट वेगळे असू शकतात, तिथे वस्तूवरच्या लेबलाचा फोटो हवा.