ग्राइप वॉटर की कोलिक ड्रॉप्स?

दोन महिन्यांचं बाळ संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडतं, म्हणून सोलापुरात नवी पेठेतल्या मेडिकलमध्ये गेलात तर यातलंच काहीतरी हाती येतं.

ग्राइप वॉटरमध्ये बहुधा शेपूचं तेल आणि खायचा सोडा असतो, गोडीला साखर किंवा सॉर्बिटॉल. पूर्वी अल्कोहोलही असे, म्हणून घटकांची ओळ शेवटपर्यंत वाचा.

ड्रॉप्स घेताना जास्त सावध राहा. ‘सिमेथिकोन’ रक्तात शोषलं जात नाही, पोटातले वायूचे बुडबुडे फोडतं. कोलिकवर त्याचा गुण मात्र सिद्ध झालेला नाही. पण ‘डायसायक्लोमिन’ दिसलं तर बाटली परत करा. सहा महिन्यांखालच्या बाळाचा त्याने श्वास अडू शकतो.

मी निवडेन बिनसाखरेचं सिमेथिकोन, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. हिरवी उलटी किंवा ताप असेल तर दोन्ही नकोत, थेट दवाखाना गाठा.