वापरलेली लुई व्हिताँ बॅग घेताना: फोटोंवरची तपासणी पुरेशी की केंद्रातली हवी?

पुनर्विक्रीच्या ॲपवर एखादी वापरलेली लुई व्हिताँ पसंत पडली की पैसे भरताना अनेकदा दोन पर्याय दिसतात. पहिल्यात विक्रेत्याने टाकलेले फोटो तपासले जातात आणि बॅग थेट तुमच्या पत्त्यावर येते. दुसऱ्यात ती आधी तपासणी केंद्रात जाते, तिथे जाणकार माणूस ती हातात घेऊन बघतो आणि मग पुढे पाठवतो. व्हेस्टिएर कलेक्टिव्हवर काही वस्तूंसाठी हे दोन्ही मार्ग आहेत. ईबेने २०२० मध्ये महागड्या घड्याळांपासून केंद्रातली तपासणी सुरू केली आणि पुढे ती बूट, हँडबॅगांपर्यंत नेली. या दुसऱ्या मार्गाला वेळ जास्त लागतो आणि काही ठिकाणी वेगळं शुल्कही असतं. मग फोटो तपासलेच आहेत तर पुन्हा तपासणी कशाला, असं वाटणं साहजिक आहे.

माझ्या मते याचं उत्तर एका फरकात आहे. फोटोवरून बॅग खोटी असल्याचं अनेकदा ठामपणे सांगता येतं, पण खरी असल्याचं तितक्या ठामपणे सांगता येत नाही.

फोटोंच्या तपासणीत काय होतं ते आधी बघू. विक्रेत्याकडून पुढची, मागची आणि तळाची बाजू, चामड्यावरचा ठसा, चेनची खेच, बंदाजवळची शिवण आणि आतला कोड असे ठरावीक फोटो मागितले जातात. हेच फोटो आधी दुसरीकडे कुठे वापरलेत का, हे सॉफ्टवेअर शोधतं. शंका आली तर तारीख आणि खात्याचं नाव हाताने लिहिलेली चिठ्ठी बॅगेशेजारी ठेवून नवा फोटो मागतात. त्यानंतर तपासनीस विसंगती शोधतो. अमुक खूण दिसली म्हणजे बॅग खरी, असं तो म्हणत नाही. बॅगेवरच्या खुणा एकमेकींशी जुळतात का, एवढंच तो पाहतो.

एक उदाहरण घेऊ. विक्रेता म्हणतो, ‘स्पीडी बँदुलियेर, २०१८ सालची’. आतल्या चामडी पट्टीवर कोड आहे SP2018. साल तर कोडमध्येच दिसतंय, असं कुणालाही वाटेल. पण २००७ पासून या कोडची मांडणी वेगळी आहे: पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे २ आणि १ मिळून २१वा आठवडा, ० आणि ८ मिळून २००८ साल. आणि खांद्याच्या पट्ट्याची ही बँदुलियेर बाजारात आली २०११ मध्ये. मॉडेल निघण्याआधीच ही बॅग शिवली गेली, असा त्याचा अर्थ होतो. फोटो इथेच नापास. विक्रेता कदाचित प्रामाणिक असेल, त्यालाच कुणी फसवलं असेल, पण बॅगेचा निकाल त्यामुळे बदलत नाही. कोडची अक्षरं CA, म्हणजे स्पेनचा कारखाना, आणि ठसा ‘मेड इन फ्रान्स’ असा, ही विसंगतीही अशीच घरबसल्या पकडता येते.

आता त्याच बॅगेवर SP2112 असा कोड आहे असं धरा. २०१२ सालचा २१वा आठवडा, कारखाना फ्रान्सचा, मॉडेल त्या काळातलं. सगळं जुळलं. तरीही बॅग खरी ठरत नाही, कारण हा कोड कुठे आणि केव्हा शिवली एवढंच सांगतो. तो त्या एका बॅगेचा क्रमांक नाही. त्याच आठवड्यात त्याच कारखान्यात झालेल्या इतर बॅगांवरही तोच कोड असतो, आणि नक्कल करणारा खऱ्या बॅगेवरचा कोड जसाच्या तसा उतरवून घेऊ शकतो. २०२१ पासून कंपनीने नव्या बॅगांमध्ये कोडऐवजी चिप बसवायला सुरुवात केली. त्या बॅगांवर फोटोत वाचण्यासारखं एवढंही उरलेलं नाही.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. फोन फोटो काढताना कडा धारदार करतो, बारीक रेघा गुळगुळीत करतो, रंग उजेडाप्रमाणे फिरवतो, आणि अपलोड होताना फोटो आणखी दाबला जातो. ठशाच्या अक्षराची कड चामड्यात स्वच्छ बसली आहे की किंचित पसरली आहे, हे नेमकं तिथेच हरवतं. म्हणून एंट्रुपीसारख्या सेवा फोटोंवरच चालत असल्या तरी विक्रेत्याच्या फोनवर भिस्त ठेवत नाहीत. फोनला जोडायचं भिंगाचं खास उपकरण त्या देतात, आणि ते चालवायला बॅग समोर असावी लागते.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. तपासलेला फोटो आणि डब्यात भरलेली बॅग यांना बांधून ठेवणारं काहीच नसतं. फोटो खऱ्या बॅगेचे आणि पाठवली दुसरीच, हे कितीही हुशार सॉफ्टवेअर फोटोत पाहू शकत नाही.

केंद्रातल्या तपासणीची पहिली पायरी म्हणूनच साधी असते: आलेली बॅग फोटोतलीच आहे ना, हे ओरखडे, डाग आणि शिवणीजवळ नक्षी कुठे कापली गेली आहे यावरून जुळवणं. मग वजन, गोंदाचा वास, चेन सरकताना हाताला लागणारा अडथळा, खिशाच्या आतली शिवण. बंदांचं न रंगवलेलं व्हॅकेटा चामडं वापराने आणि उन्हाने मधासारखं गडद होत जातं. २०१२ च्या बॅगेचे बंद फिकट असतील तर फोटो बघणारा बिचकतो आणि खरी बॅगही नाकारू शकतो. हातात घेणारा शिवणीची भोकं आणि जोड बघून ओळखतो की बंद दुरुस्तीत बदललेले आहेत. खरेपणाच्या बाजूने निकाल देणं इथे शक्य होतं, आणि प्रामाणिक विक्रेत्यालाही याचाच फायदा मिळतो. तपासणीनंतर काही ठिकाणी बॅगेला टॅग बांधतात, म्हणजे परत करताना खरेदीदाराला अदलाबदल करता येत नाही.

ही तपासणीही चुकते. नायकीने स्टॉकएक्स या पुनर्विक्रीच्या प्लॅटफॉर्मविरुद्ध लावलेल्या खटल्यात २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने बुटांच्या ३७ बनावट जोड्या विकल्याबद्दल स्टॉकएक्सला जबाबदार धरलं. त्या जोड्या स्टॉकएक्सच्याच प्रत्यक्ष तपासणीतून पार झालेल्या होत्या. त्यामुळे तपासणीचा शिक्का बघताना बॅग नंतर खोटी निघाली तर पैसे कोण आणि किती दिवसांत परत देणार, तेही वाचा.

मग निवड कशी करायची? रक्कम तुम्हाला जड असेल, मॉडेल स्पीडी किंवा नेव्हरफुलसारखं भरपूर नक्कल होणारं असेल, बॅगेची दुरुस्ती झालेली असेल किंवा विक्रेत्याचं खातं नवं असेल, तर केंद्राचा मार्गच घ्या. रक्कम कमी असेल, विक्रेत्याचे जुने व्यवहार चांगले असतील आणि बॅग पोचल्यानंतरही पैसे काही दिवस प्लॅटफॉर्मकडे राहणार असतील, तर फोटोंवर थांबायला हरकत नाही. मात्र अशा वेळी केंद्राचं काम तुमच्याकडे येतं. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, बॅग वापरायच्या आधी प्रत्येक डाग आणि ओरखडा जाहिरातीतल्या फोटोंशी ताडून बघा, आणि काही जुळलं नाही तर तक्रारीची मुदत संपायच्या आत कळवा.