आठ महिने लक्स मीटर वापरून: चादरीच्या तपासणी टेबलावरचा उजेड

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं टॉवेल आणि चादरींचं छोटं युनिट आहे. मागावरून उतरलेला माल एका लांब टेबलावर ओढून तपासला जातो. तुटलेला धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग तिथेच पकडावा लागतो. गेल्या वर्षी गडद मरून चादरींचा एक लॉट परत आला, कारण त्यातले दोष आमच्या टेबलावर दिसलेच नव्हते. तपासणीला बसणाऱ्या मावशी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "मालक, पांढऱ्यात समदं दिसतंय, पर ह्या मरूनमधी काय बी दिसंना झालंय." मी त्यावर जास्त वॅटची ट्यूब लावू म्हणालो. ते उत्तर चुकीचं होतं. हे मला कळलं ते नंतर घेतलेल्या लक्स मीटरमुळे. आठ महिने तो वापरतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मीटर साधाच आहे. हातात मावणारा डबा, वायरीला जोडलेला सेन्सर आणि सेन्सरवर दुधी रंगाची छोटी घुमटी. सेन्सर टेबलावर ठेवला की त्या जागी किती उजेड पडतोय ते लक्समध्ये दिसतं. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन उजेड पडला की तो एक लक्स. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून निघणारा उजेड. हंडीतून सांडलेलं एकूण पाणी म्हणजे ल्युमेन आणि एखाद्या फरशीवर किती पडलं ते लक्स, असं मी आमच्या वायरमनला सांगतो आणि त्याला ते पटतं.

पहिलं मोजमाप जुन्या ट्यूबचं केलं. टेबलापासून दीड मीटर उंचीवर 36 वॅटची जाडी ट्यूब होती, तांब्याच्या चोकसकट. चोक स्वतः आणखी दहाएक वॅट खातो, म्हणजे एकूण खर्च 46 वॅटच्या आसपास. डब्यावर लिहिलेला उजेड 2450 ल्युमेन. रात्री बाकीचे दिवे बंद करून टेबलाच्या मध्यावर मोजलं तर 74 लक्स. मग तिच्या जागी 20 वॅटची एलईडी ट्यूब लावली. डब्यावर 2000 ल्युमेन, म्हणजे जुनीपेक्षा कमी, पण टेबलावर आकडा आला 215 लक्स.

मीटरच बिघडला असेल असं मला वाटलं. नंतर उलगडा झाला. जुनी ट्यूब चारही बाजूंना उजेड फेकते. वर रिफ्लेक्टर नव्हता, त्यामुळे जवळजवळ अर्धा उजेड पत्र्याकडे जात होता, आणि आमचा पत्रा कापसाच्या धुळीने काळवंडलेला. त्यात ट्यूब जुनी आणि धुळीने माखलेली. एलईडी ट्यूब सगळा उजेड खालच्या बाजूलाच देते. म्हणजे डब्यावरचे ल्युमेन खरे असले तरी ते टेबलावर येतात की छताला जातात, हे डबा सांगत नाही.

इथे कँडेला समजून घ्यावा लागतो, आणि मला तो सगळ्यात उशिरा समजला. एखाद्या दिशेला उजेड किती जोरात जातोय ते कँडेला सांगतो. साधी मेणबत्ती साधारण एक कँडेला. ती सगळीकडे सारखी तेवतेय असं धरलं तर तिच्यातून एकूण सुमारे साडेबारा ल्युमेन निघतात. आता 500 ल्युमेनचा उघडा बल्ब घ्या: उजेड सगळीकडे वाटला गेल्याने प्रत्येक दिशेला सुमारे 40 कँडेलाच. तेच 500 ल्युमेन अरुंद झोतात कोंबणारा 7 वॅटचा स्पॉटलाइट मी आणला, तेव्हा झोताच्या मध्यावर एक मीटर अंतरावर मीटरने 1100 लक्स दाखवले. एक मीटरवर लक्स आणि कँडेलाचा आकडा एकच येतो, म्हणून हा दिवा त्या दिशेला 1100 कँडेलाचा. ल्युमेन तेवढेच, कँडेला सत्तावीस पट.

मग तोच स्पॉट दोन मीटरवरून मोजला. अंतर दुप्पट झालं की तोच झोत चौपट जागेवर पसरतो, म्हणून 275 यायला हवे होते. आले 270. कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागायचं, एवढंच गणित. मात्र ते लांबीच्या मानाने दूर असलेल्या दिव्यालाच लागू पडतं. चार फुटी ट्यूबला दीड मीटरवरून ते काटेकोर बसत नाही, हे मी दोनदा चुकून शिकलो.

आता वॅटकडे येतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आमच्या शेडवर सोलर बसवणाऱ्यांकडे एक मीटर होता, तो उन्हाचा आकडा वॅट प्रति चौरस मीटरमध्ये दाखवायचा. एप्रिलच्या दुपारी त्यांनी 950 दाखवले, तिथेच माझ्या मीटरने एक लाख दोन हजार लक्स. दोघेही एकच ऊन मोजत होते, फक्त मोजण्याची दृष्टी वेगळी. सोलरवाल्यांना ऊर्जेशी मतलब आहे, ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. याला रेडिओमेट्री म्हणतात. माझ्या मीटरच्या सेन्सरवर एक गाळणी आहे, जी प्रत्येक रंगाला माणसाच्या डोळ्याइतकंच महत्त्व देते. ही फोटोमेट्री. डोळ्याचा हा सरासरी आलेख 1924 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवला गेला, आणि आजही मीटर त्यालाच धरून बनतात.

या आलेखाप्रमाणे पोपटी-हिरव्या रंगाला डोळा सगळ्यात जास्त दाद देतो. त्या रंगाचा एक वॅट प्रकाश म्हणजे 683 ल्युमेन. गडद लाल रंगाचा तेवढाच एक वॅट जेमतेम 42 ल्युमेन देतो. इन्फ्रारेडचा एक वॅट म्हणजे शून्य, त्वचेला उष्णता लागते पण डोळ्याला काहीच नाही. 683 हा विचित्र आकडा 1979 मध्ये कँडेलाची नवी व्याख्या करताना आला. जुन्या कँडेलाशी मेळ तुटू नये म्हणून तो तसाच ठेवला.

एवढं कळल्यावर आमच्या गोदामातला 100 वॅटचा पिवळा बल्ब वेगळाच दिसू लागला. ऊर्जेच्या हिशोबाने तो चांगला आहे, घेतलेली बहुतांश वीज किरणांच्या रूपात बाहेर टाकतो. पण त्यातलं बहुतेक इन्फ्रारेड. खाली हात धरा, चटका बसतो. उजेड मात्र वॅटमागे जेमतेम 12–14 ल्युमेन. यालाच दिव्याची प्रकाश कार्यक्षमता म्हणतात: विजेच्या एका वॅटमागे किती ल्युमेन. चोकसकट जुनी ट्यूब 2450 भागिले 46, म्हणजे सुमारे 53. ती नवी असतानाची. एलईडी ट्यूब 100. एलईडी बल्बवर जे तारे छापलेले असतात ते याच आकड्यावर ठरतात.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या, कारण मीही बरेच दिवस फसलो. 100 म्हणजे 683 पैकी 100, तर एलईडी पंधरा टक्केच कार्यक्षम, असं गणित मी मांडलं होतं. ते चूक आहे. 683 फक्त शुद्ध पोपटी प्रकाशाला मिळतात, आणि तशा प्रकाशात मरून आणि काळा वेगळा दिसणारच नाही. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात सगळे रंग असतात, म्हणून त्याच्या एका वॅट प्रकाशात साधारण 300 ल्युमेन भरतात. म्हणजे 2000 ल्युमेन देणाऱ्या ट्यूबमधून प्रत्यक्ष प्रकाश सुमारे 7 वॅटचा निघतो आणि उरलेले 13 वॅट उष्णता. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ही उष्णता जायला जागा लागते. मी पत्र्याला चिकटवून लावलेल्या एका ट्यूबचं वाचन सात महिन्यांत 18 टक्क्यांनी पडलं, लोंबकळत ठेवलेली फक्त 4 टक्क्यांनी. हे कळलं कारण दर महिन्याच्या एक तारखेला, रात्री, पुसलेल्या ट्यूबखाली त्याच खुणेवर सेन्सर ठेवून मी आकडा वहीत लिहितो.

आता मीटरच्या मर्यादा. पहिला महिना माझीच सावली मोजली, कारण वाकून आकडा वाचत होतो. सेन्सर कलला तरी आकडा पडतो. झोताच्या अगदी समोर धरलेला सेन्सर 60 अंशांनी कलला तर अर्धाच दाखवतो, आणि तो दोष मीटरचा नाही. मोबाइलच्या ॲपशी तुलना करू नका, मोबाइलच्या सेन्सरवर अशी घुमटी नसते. मीटर खरा आहे का हे घरीच पाहायला एक युक्ती: टोपी लावली की शून्य यायला हवा, मग एक ट्यूब, दुसरी ट्यूब आणि दोन्ही मिळून मोजा. माझे आकडे 215, 206 आणि 418 आले, म्हणजे बेरीज जुळते. पण रंगीत प्रकाशात विश्वास ठेवू नका. देव्हाऱ्याजवळच्या निळ्या माळेखाली माझा आणि एका मित्राचा मीटर ठेवला, त्याचा जवळजवळ दुप्पट बोलत होता. पांढऱ्यात दोघांत पाच टक्क्यांचाही फरक नव्हता. स्वस्त मीटरची गाळणी आलेखाच्या निळ्या-लाल टोकांना चुकते. शिवाय या मीटरने दिव्याचे एकूण ल्युमेन मोजता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतला पोकळ पांढरा गोल लागतो. त्यामुळे डब्यावरचे 2000 खरे की खोटे, हे मी सांगू शकत नाही.

शेवटी मरून चादर. दोन ट्यूब लावून टेबलावर 418 लक्स झाले, तरी मावशींची तक्रार तीच. तेव्हा मी सेन्सर उलटा करून चादरीवर वीतभर उंच धरला आणि परत येणारा उजेड मोजला. पांढऱ्या टॉवेलवरून 310 परत आले, मरूनवरून 38. लक्स फक्त पडणारा उजेड सांगतो. डोळ्याला मिळतो तो कापडाने परत दिलेला, आणि मरून तो आठपट कमी देत होती. एवढं भरून काढायला टेबलावर तीन हजारांहून जास्त लक्स लागले असते. आम्ही दोन स्पॉट बाजूने तिरके लावले. मध्यावर आता 800 लक्स येतात. आकडा दुप्पटही नाही, पण तिरप्या झोतात सुटलेल्या धाग्याची सावली पडते आणि तो उठून दिसतो. पांढऱ्या टॉवेलच्या दिवशी स्पॉट बंद ठेवतो, नाहीतर मावशींचे डोळे दिपतात. मरून लॉटला दोन्ही चालू. त्यानंतरचे चार लॉट परत आलेले नाहीत.